मोबाइलवर आला नोटिशीचा फोटो

मार्च महिना आला की आमच्याकडे एक ठरावीक फोटो यायला लागतो. कागद अर्धा दिसतो, वर अंगठा, कडेला खाटेची चादर आणि खाली लिहिलेलं असतं, "ताई, आयकराची नोटीस आली. काय करू?" गटात शिकलेली म्हणून ज्या ताईकडे सगळ्या जातात, तिला हा प्रश्न हमखास पडतो. म्हणून आज आम्ही अशी एकच नोटीस घेऊन बसलो आहोत. गावाचं नाव सांगत नाही, यवतमाळकडचं कापसाचं गाव समजा. नोटीस आली ती ग्रामसंघाच्या कोषाध्यक्ष ताईंना.

त्यांनी पाठवलेल्या फोटोत एकच आकडा ठळक होता, ११,४०,००० रुपये. घरात सगळ्यांनी धरून घेतलं की एवढा कर भरायचा आहे. सासूबाईंनी तर पाटल्या काढून ठेवल्या.

अशा वेळी "घाबरू नका" म्हणून काही होत नाही. कागद पूर्ण मागवावा लागतो. आम्ही त्यांना सांगितलं, वहिनी, कागद उजेडात जमिनीवर सपाट ठेवा, चारही कोपरे दिसू द्या, पाठची बाजूही घ्या. सोबत जोडपत्र असेल तर तेही, कारण या नोटिशीत खरी माहिती जोडपत्रातच असते. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो टाकला की बारीक अक्षर पुसट होतं, म्हणून तो डॉक्युमेंट करून पाठवा. आणि एकीलाच पाठवा. गटाच्या ग्रुपवर टाकू नका, त्यावर तुमचा पॅन, पत्ता, सगळं असतं.

पूर्ण कागद आला की रकमेकडे बघायचंच नाही. आधी नाव आणि पॅन बघायचा. पॅनची दहा अक्षरं पॅनकार्डाशी एकेक जुळवा. त्यात चौथं अक्षर पी असेल तर तो पॅन एका व्यक्तीचा. हे आपल्या गटांसाठी फार महत्त्वाचं आहे. कोषाध्यक्ष ताईंच्या नोटिशीत चौथं अक्षर पी होतं, म्हणजे आयकर खातं ग्रामसंघाला विचारत नव्हतं, त्यांना एकटीला विचारत होतं. गोष्ट इथूनच उलगडायला लागली.

मग दोन तारखा. एक नोटीस काढल्याची, दुसरी उत्तर द्यायची शेवटची. ही दुसरी तारीख बहुतेक वेळा मजकुराच्या मध्ये किंवा शेवटच्या परिच्छेदात दडलेली असते आणि फोटोत नेमकी तीच कापली जाते. ताईंची नोटीस १० मार्च २०२६ ची होती, उत्तर २५ मार्चपर्यंत द्यायचं होतं. आमच्यापर्यंत फोटो आला १७ ला. हातात आठ दिवस.

तारीख कळली की नोटीस खरी की खोटी हे बघायचं. वरच्या भागात डीआयएन नावाचा एक लांबलचक क्रमांक असतो. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर खात्याच्या पत्रांवर तो घालण्याचा नियम आहे. incometax.gov.in या संकेतस्थळाच्या पहिल्याच पानावर Authenticate Notice/Order Issued by ITD अशी जागा आहे. तिथे लॉगिन लागत नाही. डीआयएन आणि मोबाइल क्रमांक टाकला, ओटीपी टाकला, की हा कागद खात्यानेच काढलाय का ते दिसतं. पत्ता मात्र स्वतः टाइप करा, कुणी पाठवलेल्या लिंकवरून जाऊ नका. "आजच्या आज या क्यूआरवर पैसे भरा" असं सांगणारी किंवा बँकेचा पिन मागणारी नोटीस आली तर ती भामट्याचीच. ताईंची नोटीस खरी निघाली.

आता कलम. वर लिहिलेलं होतं 148A, म्हणजे आयकर कायद्याचं कलम १४८ए. या नोटिशीत कर मागितलेला नसतो. खातं म्हणतं, "तुमच्याबद्दल आम्हाला अशी माहिती मिळाली आहे. तुमचं जुनं वर्ष पुन्हा का उघडू नये, ते सांगा." म्हणजे ११,४०,००० हा कर नव्हता. त्या वर्षात त्यांच्या बचत खात्यात भरलेली ती रोख रक्कम होती. एका माणसाच्या बचत खात्यांत वर्षभरात मिळून १० लाख किंवा त्याहून जास्त रोख भरली गेली की बँकेला ते आयकर खात्याला कळवावंच लागतं. ताईंनी विवरणपत्र कधी भरलेलं नव्हतं, म्हणून प्रश्न आला. पाटल्या पेटीत परत गेल्या.

पण प्रश्न आलाय म्हटल्यावर उत्तर द्यायलाच हवं, आणि ते बरोबर वर्षाचं. इथे भल्याभल्या फसतात. नोटिशीत लिहिलं होतं, करनिर्धारण वर्ष २०२२-२३. ताईंनी २०२२-२३ चं पासबुक काढून ठेवलं होतं. पण करनिर्धारण वर्ष हे कमाईच्या वर्षानंतरचं असतं. लागणारं पासबुक १ एप्रिल २०२१ ते ३१ मार्च २०२२ चं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, त्यात ही जोडगोळी जाऊन एकच कर वर्ष झालं आणि कलमांचे क्रमांकही बदलले. पण जुन्या वर्षांच्या नोटिशीत जुनीच भाषा दिसत राहील, म्हणून एक वर्ष मागे जायचं हे ध्यानात ठेवा.

बरोबर वर्षाचा खातेउतारा बँकेतून शिक्का मारून आणला आणि एकेक रोख भरणा पेन्सिलने खुणावत बसलो. आठ गटांचे कर्जहप्ते ताई गोळा करायच्या. शाखा वीस किलोमीटरवर, प्रत्येक गटाने वेगळं जाणं परवडत नव्हतं. म्हणून सगळी रोख त्या आपल्या खात्यात भरायच्या आणि तिथून गटांच्या कर्जखात्यांत वळवायच्या. एका गटाचा हप्ता ९,५०० रुपये, आठ गटांचे महिन्याला ७६,०००, बारा महिन्यांचे ९,१२,०००. उताऱ्यात तेवढीच रक्कम बाहेर गेलेलीही दिसली, बहुतेक वेळा त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी. उरले २,२८,०००. त्यातले १,६०,००० कापसाचे, २० क्विंटल, ८,००० रुपये भावाने. राहिलेले ६८,००० शिलाईचे आणि दोन बोकडांचे.

जुळलं सगळं. पण आपण सांगितलं म्हणून खातं मानत नाही, प्रत्येक रकमेमागे कागद लागतो. हप्त्यांसाठी आठही गटांच्या कर्जखात्यांचे उतारे, हप्ता नोंदवहीच्या पानांच्या प्रती आणि हप्ता ताईंमार्फत भरायचा असं लिहिलेला ग्रामसंघाच्या इतिवृत्तातला जुना ठराव. एका गटाची दोन महिन्यांची पानं पावसात गेली होती, १९,००० रुपयांची. ती पानं नव्याने लिहून काढू असं एकीने सुचवलं. आम्ही साफ नाही म्हटलं. जुन्या तारखेचं नवं पान सापडलं तर खऱ्या पानांवरचाही भरवसा जातो. त्या दोन महिन्यांसाठी बँकेचा कर्जउतारा पुरेसा होता. कापसासाठी व्यापाऱ्याची हिशेबपट्टी आणि पीकपेऱ्यासह सातबारा. शेती यजमानांच्या नावावर, म्हणून त्यांचं एक पत्रही जोडलं. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे. आणि शिलाई-बोकडांचे ६८,००० हे त्या वर्षीच्या २,५०,००० रुपयांच्या मर्यादेच्या खूप आत, त्यामुळे विवरणपत्र भरायची गरजच नव्हती.

तालुक्याच्या एका एजंटने मात्र ताईंना सोपी वाट दाखवली होती. सगळे ११,४०,००० शेतीचे दाखवा, तीन हजारांत काम करून देतो. सातबाऱ्यावर अडीच एकर आहे. अडीच एकरांत अकरा लाखांचा कापूस कुठल्या देवाच्या राज्यात पिकतो? खोटं उत्तर एकदा नोंदलं गेलं की पुढे खरं बोललं तरी ऐकणार कोण?

गप्प बसलं असतं तर काय झालं असतं, तेही सांगतो. उत्तर नाही आलं की अधिकारी जवळ असलेल्या माहितीवर आदेश काढतो, मग कलम १४८ ची नोटीस येते, विवरणपत्र मागितलं जातं. तेव्हाही कुणी बोललं नाही तर एकतर्फी निर्धारण होतं. रोख कुठून आली ते सांगता आलं नाही तर त्या वर्षासाठी कराचा दर ६० टक्के आणि वर अधिभार, उपकर धरून शंभराला ७८ रुपये. ११,४०,००० वर हे ८,८९,२०० होतात, व्याज आणि दंड वेगळे. ताईंच्या स्वतःच्या कमाईचे त्यात होते ६८,०००.

उत्तर टपालाने पाठवून किंवा कचेरीत कागद देऊन भागत नाही, ते संकेतस्थळावरच द्यायचं. ताईंचं तिथे खातं नव्हतं. पॅन टाकून, ओटीपीने ते उघडलं. मोबाइल मुलाचा न देता ताईंचाच दिला, कारण पुढचे निरोप त्यावरच येणार. आत Pending Actions मध्ये e-Proceedings उघडलं की नोटीस आणि जोडपत्र दोन्ही मिळतात, म्हणजे पुसट फोटोची कटकटच संपली. दोन गटांचे उतारे बँकेकडून यायचे होते, म्हणून शेवटच्या तारखेच्या आधीच तिथेच मुदतवाढ मागून ठेवली. ती मिळेलच असं धरून मात्र बसलो नाही. उत्तराचा मजकूर सनदी लेखापालांकडून नजरेखालून घालून घेतला. रक्कम, तारीख आणि कोणता कागद कुठे जोडलाय असा दीड पानी तक्ता केला आणि २४ तारखेला सगळं चढवलं. शेवटी येणारी पोच उतरवून घेतली, तिची एक छापील प्रत ग्रामसंघाच्या फाइलला आहे.

एप्रिलच्या बैठकीत ठराव झाला, आठही गटांचा हप्ता आता ग्रामसंघाच्या खात्यातून जाईल आणि ताईंच्या खात्यात गटाचा एक रुपयाही जाणार नाही. इतर ग्रामसंघांच्या कोषाध्यक्षांनी आपापलं पासबुक या नजरेने एकदा चाळावं.

नोटिशीवरचा आदेश अजून आलेला नाही. वर्ष उघडायचं असेल तर या वर्षासाठी कलम १४८ ची नोटीस ३० जून २०२६ पर्यंतच काढता येते. तोवर ताई दर सोमवारी लॉगिन करून बघतात, कारण आदेश पोस्टमनच्या आधी तिथे येतो.