ओळखपत्राचा फोटो आणि पाळीचे घड्याळ

ओळखपत्रासाठी फोटो काढायचा दिवस म्हटला की व्यवस्थापनाच्या डोळ्यांसमोर कॅमेरा, पडदा आणि आडनावांच्या क्रमाने लावलेली यादी येते. माझे म्हणणे असे, की हा कार्यक्रम कॅमेऱ्याचा नसून पाळीचा आहे. तो पाळीच्या हिशेबाने आखला तर सुरळीत पार पडतो. वर्णक्रमाने आखला तर यंत्रे थांबतात आणि माणसे रांगेत ताटकळतात. मुरबाडच्या औद्योगिक क्षेत्रातला एखादा कारखाना डोळ्यांसमोर आणा. समजा तिथे २४० कामगार आहेत. पाळ्या तीन, सात ते तीन, तीन ते अकरा आणि अकरा ते सात, प्रत्येकीत ८० माणसे. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणकडून येणारा कामगार एसटीवर किंवा दुचाकीवर अवलंबून, आणि शहापूरकडच्या कारखान्यांत आसनगाव, आटगावला लोकलने उतरणारा गाडीच्या वेळेवर. म्हणून पाळी सुरू होण्याआधी किंवा सुटल्यानंतर बोलावणे म्हणजे त्याची बस किंवा गाडी चुकवणे. फोटो कामाच्या वेळेतच निघायला हवा.

एका माणसाला पडद्यासमोर बसवणे, टोकन नंबर टिपणे, फोटो काढून तो लगेच पाहणे, यांना दोन मिनिटे पुरतात. पाच जणांची तुकडी दहा मिनिटांत होते. पाच मिनिटे ढिलाईची धरली तर तुकडीला पंधरा मिनिटे, ८० माणसांच्या सोळा तुकड्यांना चार तास. पहिल्या पाळीला नऊ ते एक आणि दुसऱ्या पाळीला चार ते आठ ही वेळ द्यावी. जेवणाची सुट्टी ज्या तुकडीवर येईल, तिच्यानंतरच्या तुकड्या पुढे सरकवाव्यात. मात्र तुकडीतले पाचही जण एकाच यंत्रावरचे नकोत. आडनावांच्या यादीत नेमके हेच बिघडते, कारण एकाच गावचे आणि एकाच आडनावाचे लोक पुष्कळदा एकाच लाइनवर असतात. कोणाच्या जागी कोण उभे राहील हे सुपरवायझरला ठाऊक असते. म्हणून तुकड्या त्यानेच पाडाव्यात.

आता यात रात्रपाळी कुठे बसते? रात्री दोन वाजता फोटोग्राफर थांबवणे महाग पडते, आणि सकाळी सातला थकलेला चेहरा वर्षानुवर्षे कार्डावर राहतो. इथे राखीव दिवसाचे, म्हणजे मुख्य दिवशी राहून गेलेल्यांसाठी ठेवलेल्या दुसऱ्या दिवसाचे, खरे काम येते. पाळ्या दर आठवड्याला बदलत असतील आणि रात्रपाळीची माणसे पुढच्या आठवड्यात पहिल्या पाळीला येत असतील, तर त्यांचा फोटो राखीव दिवशीच काढावा. मुख्य दिवस मंगळवार असेल तर राखीव दिवस पुढच्या आठवड्यातला गुरुवार ठेवावा, मंगळवार नको. ज्याची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी होती, त्याची पुढच्या मंगळवारीही असणार. मग राखीव दिवस ठेवूनही तो माणूस सापडत नाही. दोन्ही तारखा एकाच सूचनेत लावाव्यात.

या भागात तारीख निवडताना भाताकडेही पाहावे लागते. आवणी काही आठवडे चालते. तिच्या मधोमध मुख्य दिवस ठेवला तर नऊ दिवसांनंतरच्या राखीव दिवशीही हजेरी तेवढीच कमी दिसेल. अशा वेळी राखीव दिवस वाढवून उपयोग नाही, मुख्य दिवसच हलवावा लागतो. पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेच्या आसपासच्या दिवसांनाही तोच नियम.

पोशाखाची सूचना मात्र तीन वाक्यांत बसते. पांढऱ्या पडद्यावर पांढरी टोपी आणि पांढरा शर्ट विरघळून जातात, म्हणून गडद कपडे घाला, नाहीतर पडदा फिकट निळा लावा. हेल्मेट आणि गॉगल काढा. पागोटे, पदर, कुंकू राहू द्या, फक्त कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा दिसला पाहिजे. एक दोष मात्र कपड्यांचा नसून कॅमेऱ्याचा असतो. पांढरा पडदा मागे असला की कॅमेरा आपोआप सगळे अंधारे करतो आणि सावळ्या चेहऱ्याचे डोळे हरवतात. पहिल्याच फोटोत डोळ्यांचा काळा-पांढरा भाग वेगळा दिसतो का ते पाहावे. नाही दिसला तर चेहऱ्यावरचा प्रकाश वाढवूनच पुढे जावे.

काही जण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, प्रत्येकाने स्टुडिओतून पासपोर्ट फोटो आणावा. मग पाड्यावरच्या माणसाला फोटोसाठी बाजाराच्या गावी खेप पडते, पैसे त्याचे जातात आणि हाती येतो तो कधी पाच वर्षांपूर्वीचा चेहरा. दुसरा आक्षेप उत्पादनाचा आहे आणि तो खरा आहे. प्रत्येकी पंधरा मिनिटे धरली तर २४० माणसांचे साठ तास जातात. पण वर्णक्रमाने सगळ्यांना बोलावून सरासरी पाऊण तास रांगेत उभे केले तर एकशे ऐंशी जातील.

शेवटची चूक सर्वांत शांतपणे होते. एका माणसाचा फोटो दोनदा निघाला आणि नोंद एकदाच झाली, तर पुढचे सगळे चेहरे एकेका नावाने सरकतात. म्हणून प्रत्येकाच्या हातात टोकन नंबराची चिठ्ठी देऊन एक फोटो आधी काढावा, दुसरा चिठ्ठीविना. तुकडी संपली की शेवटच्या माणसाचा नंबर यादीशी ताडून पाहावा. तो जुळला नाही, तर गोंधळ त्या पाचांतच आहे आणि ते पाचही जण अजून पडद्याजवळच उभे असतात.