लग्नासाठी दोन दिवसांची रजा

मुख्याध्यापकांकडे पाठवायच्या रजेच्या अर्जात सगळ्यांत जास्त घोळ होतो तो तारखांचा. रत्नागिरीतल्या आठवीच्या विद्यार्थ्याच्या मावशीचं लग्न गुहागरला आहे, असं धरू. गुरुवारी १२ फेब्रुवारीला हळद, शुक्रवारी १३ला लग्न.

अर्जाच्या सुरुवातीला दिनांक, मग ‘प्रति, माननीय मुख्याध्यापक’ आणि शाळेचं नाव व गाव येतं. ‘विषय’ एका ओळीत पुरतो: मावशीच्या लग्नासाठी दोन दिवसांची रजा मिळण्याबाबत. ‘महोदय’ किंवा ‘महोदया’ या संबोधनानंतर इयत्ता, तुकडी आणि हजेरी क्रमांक सांगावा, कारण रजेची नोंद शेवटी वर्गशिक्षकांच्या हजेरीपटावर होते.

मजकुरात ‘१२ तारखेपासून १४ तारखेपर्यंत’ असं लिहिलं, की १४ला मूल शाळेत येणार की नाही, हे कळत नाही. त्याऐवजी असं लिहावं: ‘१२ व १३ फेब्रुवारी हे दोन दिवस मी गैरहजर राहीन आणि शनिवारी, १४ तारखेला शाळेत हजर होईन. बुडालेला अभ्यास पूर्ण करीन. कृपया रजा मंजूर करावी, ही विनंती.’ मानपान, पाहुणे, प्रवास यांचं वर्णन इथे नको. नातं आणि गाव एवढं पुरे.

शेवटी ‘आपला आज्ञाधारक’ किंवा ‘आपली आज्ञाधारक’, नाव आणि खाली पालकांची सही. त्या दोन दिवसांत चाचणी असेल तर तीही अर्जात नमूद करावी. अर्ज लग्नाच्या चार-पाच दिवस आधीच वर्गशिक्षकांच्या हाती द्यावा.