सूतघरातला दिवा



कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांच्या प्रकारांची यादी आहे. त्यातला पहिला हेर कोण असेल? संन्यासी नाही, व्यापारी नाही. तो आहे विद्यार्थी. दुसऱ्याची मर्मं ओळखणारा आणि बोलायला न बिचकणारा छात्र. संन्यासी, शेतकरी, व्यापारी, तापस हे सगळे त्याच्या मागून येतात. तेव्हा मागच्या रांगेत बसून कोणत्या सरांचं कोणत्या सरांशी पटत नाही याचा अभ्यास ज्यांनी तीन वर्षं केला, त्यांचाही वेळ वाया गेला असं मी म्हणणार नाही.

हा ग्रंथ कित्येक शतकं फक्त नावाने माहीत होता. 1905 मध्ये म्हैसूरच्या ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांच्या हाती त्याची पोथी आली आणि 1909 मध्ये त्यांनी ती छापली. पुढे आपल्या मुंबई विद्यापीठाने र. पं. कंगले यांची चिकित्सक संहिता आणि इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं. राजनीतीचा ग्रंथ म्हणून लोक तो उघडतात आणि युद्ध, मंत्री, विषप्रयोग शोधत बसतात. मी भिवंडीचा. मी त्यात आधी सूत शोधलं.

आणि सापडलं. दुसऱ्या अधिकरणात सूत्राध्यक्षावर अख्खा अध्याय आहे. राजाच्या सूतघराचा हा प्रमुख. विधवा, अपंग बायका, घर सोडलेल्या, दंड फेडायला काम करणाऱ्या, म्हाताऱ्या झालेल्या दासी, अशांकडून त्याने लोकर, कापूस, ताग, जवस कातून घ्यायची. मजुरी सूत बघून ठरवायची: बारीक, मध्यम की जाडं, आणि किती. जास्त काम करणारीला डोक्याला तेल आणि आवळ्याचं उटणं बक्षीस. सणाच्या दिवशी काम करून घेतलं तर वेगळं काही द्यायचं. सूत कमी भरलं तर मालाच्या किमतीच्या हिशेबाने मजुरी कापायची.

ज्या बायका घराबाहेर पडत नाहीत, त्यांच्याकडे आपल्या दासींच्या हातून काम पाठवायचं. आपल्याकडे शांतीनगरात किंवा कामतघरला घरी बसून धागे कापणाऱ्या बायकांकडे गठ्ठे जातात, तसंच. पण काही जणी स्वतः सूत घेऊन येतात. त्यांच्यासाठी नियम असा की पहाटे यायचं, सूत द्यायचं आणि मजुरी घ्यायची. तिथे दिवा असेल तो फक्त सूत तपासण्यापुरता. अधिकाऱ्याने त्या उजेडात बाईच्या तोंडाकडे पाहिलं किंवा कामाव्यतिरिक्त बोलला, तर त्याला पूर्व साहसदंड, म्हणजे 48 ते 96 पण. आणि मजुरी द्यायला उशीर केला, तर मध्यम साहसदंड. तो 200 पासून 500 पणांपर्यंत जातो.

इथे मी दर वेळी थांबतो. बाईकडे वाईट नजरेने पाहण्यापेक्षा तिची मजुरी थकवणं हा मोठा गुन्हा. माझे वडील मागावर होते. पंधरवड्याचा पगार पुढच्या पंधरवड्यावर ढकलला गेला की घरात काय होतं हे मी पाहिलंय, त्यामुळे हा क्रम मला चुकलेला वाटत नाही.

पण हा ग्रंथ मायाळू आहे असं समजू नका. त्याच अध्यायात, मजुरी घेऊन काम न करणाऱ्या बाईची अंगठ्याची चिमूट तोडायला सांगितली आहे. चिमूट गेली की सूत कातणं कायमचं संपलं. ग्रंथकर्त्याचा ना मजुरावर विश्वास आहे, ना साहेबावर. फरक इतकाच की साहेबाला पैशाची शिक्षा आणि बाईला शरीराची.

विणकरांचे नियम चौथ्या अधिकरणात आहेत. दहा भार सूत दिलं तर अकरा भार कापड आलं पाहिजे. हे ऐकून तुमच्यातल्या सायझिंगवाल्यांना हसू आलं असेल. ताण्याला खळ लागते, तिचं वजन चढतं. वाढ कमी आली तर तुटीच्या दुप्पट दंड, आणि सूत बदललं तर किमतीच्या दुप्पट. म्हणजे तराजू हाच तपासनीस. पण खळ जास्त चोपडून वजन भरून काढणारा विणकर या तराजूत सापडत नाही. तो सापडतो पहिल्या धुण्यात.

आता जकातीकडे येऊ. नगराच्या दरवाजापाशी शुल्कशाळा आणि तिच्यावर ध्वज. चार-पाच कारकून लिहून घेतात: व्यापारी कोण, कुठून आला, माल किती, शिक्का कुठे मारला. कापड, सूत, कापूस यांवर विसावा किंवा पंचविसावा भाग, म्हणजे पाच किंवा चार टक्के. आज सुती कापडावर जीएसटी पाच टक्के आहे. योगायोगच म्हणायचा.

गंमत पुढे आहे. समजा एकाचा माल 1000 पणांचा आहे. विसाव्या भागाने 50 पण होतात. वीस पण वाचवायला तो किंमत 600 सांगतो. ध्वजाखाली त्याला माल आणि किंमत तीनदा पुकारावी लागते: घेणार का कोणी? चढाओढीने भाव वर गेला, तर वरची रक्कम जकातीसह खजिन्यात जाते. जकातीच्या भीतीने खोटं सांगितलं असं ठरलं, तर जास्तीचा माल सरकारजमा, नाहीतर आठपट जकात. 50 ची आठपट 400. वीस वाचवायला गेला आणि एवढ्याला बुडाला.

पण कारकूनच व्यापाऱ्याला सामील असेल तर? तिथे हेर येतो. व्यापाऱ्याच्या वेशातला माणूस तांड्याबरोबर चालतो आणि तांड्यात काय किती आहे ते राजाला आधीच कळवतो. मग राजा शुल्काध्यक्षाला सांगतो की अमक्याचा तांडा येतोय, माल इतका आहे. शुल्काध्यक्ष तेच व्यापाऱ्याच्या तोंडावर सांगतो आणि वर म्हणतो की हा राजाचा प्रभाव. राजा सर्वज्ञ आहे असं दिसावं म्हणून हे करायचं, असं ग्रंथ सरळ लिहितो. एका निरोपात व्यापारी घाबरतो आणि अधिकारीही. तरी एका हेराचं ऐकू नये, तिघांचं जुळलं तरच खरं मानावं, अशीही अट आहे. नियम राजालाही आहेत: त्याच्या स्वतःच्या दिवसाचे आठ भाग पाडलेत. त्यातला दुसरा लोकांची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी, आणि कामासाठी आलेल्याला दारात ताटकळत ठेवायचं नाही.

हे सगळं खरंच घडत होतं का? हा ग्रंथ काय करावं ते सांगतो, काय झालं ते नाही. त्याच्या काळाबद्दलही अभ्यासकांत मतभेद आहेत. पण पडताळा घ्यायला एक जागा आहे आणि ती आपल्याच आग्रा रोडवर आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्याच्या ओसरीत, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे 2000 कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि दुसऱ्या श्रेणीकडे 1000, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. अर्थशास्त्रातला धर्म्य दर आहे शेकडा सव्वा, म्हणजे हे दोन्ही दर त्याच्या आतले.

आता हिशेब करा. 2000 वर महिन्याला 20, वर्षाला 240. लेखात म्हटलंय की या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा द्यावेत. वीस गुणिले बारा, 240. पै न् पै जुळते. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि दफ्तरात नोंदवला, असंही पुढे कोरलंय. नाशिकला गेलात तर पायऱ्या चढून ओसरीत जा आणि आधी तो कोष्ट्यांचा हिशेब बघा.