एका फोनचा एकच माईक

समजा आजऱ्यातल्या एका पोराकडे अँड्रॉइड फोन आहे आणि वायरचा इयरफोन. कॉम्प्युटर नाही, दुसरा कॅमेरा नाही. त्याला बीजीएमआय खेळता खेळता स्वतःचा चेहरा दाखवत, बोलत यूट्यूबवर लाइव्ह जायचंय.

चेहऱ्याचं काम सोपं. स्ट्रीमलॅब्ज किंवा प्रिझमसारखं ॲप घ्यायचं, त्याला ‘इतर ॲप्सवर दाखवा’ ही परवानगी द्यायची, की पुढच्या कॅमेऱ्याची छोटी चौकट गेमवर तरंगते. ती नकाशावर किंवा गोळीच्या बटणावर येऊ देऊ नका. चौकटीवर बोट पडलं तर गेमला ते कळतच नाही.

खरी अडचण आवाजाची. गेमचा आवाज थेट आतून उचलायची सोय अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून आली. त्याआधी तो स्पीकरमधून बाहेर पडून माईकमध्ये शिरायचा. आजही आवाज आतून घेत असताना स्पीकर चालू राहिला, तर प्रेक्षकांना प्रत्येक गोळी दोनदा ऐकू येते. म्हणून वायरचा इयरफोन. ब्लूटूथचा माईक चालू झाला की आवाज फोनवरच्या बोलण्यासारखा दबका होतो आणि मागे पडतो.

आता कळीची गोष्ट. दोन साध्या ॲप्सनी एकाच वेळी माईक मागितला, तर अँड्रॉइड सहसा एकालाच आवाज देतं. दुसऱ्याच्या हाती निव्वळ शांतता येते, आणि काही चुकल्याचा संदेशही दिसत नाही. गेममधली टीमशी बोलायची सोय चालू केली, की मित्रांना तुम्ही ऐकू येता, प्रेक्षकांना मात्र तुमचे फक्त ओठ हललेले दिसतात. लाइव्ह चालू असताना कुणी सांगितल्याशिवाय खेळणाऱ्याला हे कळत नाही. म्हणून आधी स्ट्रीम ‘Unlisted’ ठेवून, टीमबरोबर एक डाव खेळून, नंतर रेकॉर्डिंग ऐकायचं. गोळ्या ऐकू येतात आणि आपण मुके, असं असेल तर माईक गेमने घेतलाय. उपाय एकच: गेमच्या सेटिंगमधला माईक बंद आणि तिथलाच स्पीकर चालू. मित्रांचं बोलणं आपल्याला ऐकू येतं, आपलं त्यांना नाही. त्यांना इशारे गेममधल्या तयार संदेशांनीच द्यायचे. ‘तुम्ही माझी स्ट्रीमच ऐका’ म्हणून भागत नाही, ती काही सेकंद मागे असते. तेवढ्यात शत्रू घरात शिरतो.

डेटाचा हिशेब: ७२०पी चित्र २.५ एमबीपीएसने पाठवलं, तर तासाला सव्वा जीबीच्या आसपास जातो. रोज दीड जीबी मिळणाऱ्याचा दिवस सव्वा तासात संपला. अपलोडचा वेग चारच्या वर हवा, आणि तो ज्या खोलीत, ज्या वेळी खेळणार तिथेच मोजायचा.

गेम, कॅमेरा आणि नेटवर्क एकाच वेळी चालल्याने फोन तापतो. मग प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि आधी गेम अडखळू लागतो. तेव्हा कव्हर काढा, चार्जर उपटा, चित्र ४८०पीवर आणा.