खरेदीखत, स्तोत्र आणि एआय डिटेक्टर

पुण्यात ज्यांनी घर किंवा जमीन घेतली आहे, त्यांच्या कपाटात एक खरेदीखत असतेच. हवेलीच्या एखाद्या दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेले, वकिलाने किंवा दस्तलेखकाने लिहिलेले. ‘लिहून देणार’, ‘लिहून घेणार’, ‘सदर मिळकत’, ‘येणेप्रमाणे’ हे शब्द त्यात ओळीओळीला भेटतात. ही भाषा माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवली आहे. तरीही असा मजकूर आजच्या एआय डिटेक्टरला दाखवला, तर तो यंत्राने लिहिला आहे असा शेरा मिळण्याचा धोका मोठा आहे. स्तोत्रांचे आणि प्रार्थनांचेही तसेच. असे का होते, ते आज पाहू.

लेखक कोण आहे, हे डिटेक्टरला दिसत नाही. त्याच्यासमोर फक्त शब्द असतात. प्रत्येक शब्दापाशी थांबून, मागचे शब्द पाहता हा शब्द येण्याची शक्यता किती होती, एवढेच तो भाषेच्या मॉडेलकडून काढून घेतो. शब्द अपेक्षित निघाला तर आश्चर्य कमी, अनपेक्षित निघाला तर जास्त. या आश्चर्याच्या सरासरीला पर्प्लेक्सिटी म्हणतात. भाषेचे मॉडेल स्वतः लिहिताना बहुधा अपेक्षित शब्दच निवडते, म्हणून कमी सरासरी म्हणजे यंत्राचे लेखन, असा तर्क बांधला जातो. काही डिटेक्टर माणसाच्या आणि यंत्राच्या लेखनाचे नमुने दाखवून शिकवलेले असतात. पण तेही शेवटी एकसारखेपणा, नेटकेपणा, वाक्यांची सारखी लांबी अशाच खुणा टिपतात.

आता खरेदीखतातले एक वाक्य घेऊ. ‘सदर मिळकतीवर कोणत्याही प्रकारचा बोजा नाही.’ ‘सदर मिळकतीवर’ एवढे ऐकले की पुढचे कोणत्याही वकिलाला सांगता येईल. समजा, या वाक्यातल्या दोन शब्दांची शक्यता दोनात एक आहे आणि आणखी दोन शब्दांची चारात एक. दोन, दोन, चार, चार यांचा गुणाकार चौसष्ट. त्याचे चौथे मूळ काढले की सरासरी येते तीनच्याही आत. म्हणजे प्रत्येक शब्दाला मॉडेलपुढे जेमतेम तीन पर्याय होते. आता यात पाचवा शब्द घाला, पण तो मिळकतीचा गट नंबर असू द्या, ज्याची शक्यता हजारात एक आहे. सरासरी एकदम नऊवर जाते. एका आकड्याने तिप्पट फरक पडला.

खरेदीखताच्या बाबतीत महत्त्वाची गोष्ट इथेच आहे. त्या विशिष्ट व्यवहाराची खूण गट नंबर, क्षेत्रफळ, चतुःसीमा, पक्षकारांची नावे आणि रक्कम यांतच असते. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम २१ नुसार मिळकत ओळखता येईल इतके वर्णन दस्तात असावेच लागते. बाकीची पाने मुद्दाम ठरीव ठेवलेली असतात, आणि त्याला सबळ कारण आहे. एका कलमात ‘मिळकत’ आणि दुसऱ्यात ‘मालमत्ता’ लिहिले, तर उद्या समोरचा वकील विचारेल की दोन्ही एकच का? ललित लेखक पुनरुक्ती टाळण्यासाठी शब्द बदलतो. दस्त लिहिणारा वाद टाळण्यासाठी तोच शब्द पुन्हा लिहितो. कायद्याच्या अभ्यासक्रमात मसुदालेखनाचा स्वतंत्र विषय असतो आणि विद्यार्थ्याकडून तिथे हीच शिस्त घोटवून घेतली जाते. ज्या गुणासाठी त्याला तिथे मार्क मिळतात, त्याच गुणासाठी डिटेक्टर त्याच्यावर संशय घेतो. हा अन्याय मला फार गंभीर वाटतो.

स्तोत्रांच्या बाबतीत वाक्यरचना ठरीव असतेच: संबोधन, विशेषणांची माळ, ध्रुवपद, शेवटी फलश्रुती. चरणांची लांबी वृत्ताने बांधलेली, त्यामुळे लहानमोठ्या वाक्यांचा चढउतारही नाही. पण इथे आणखी एक कारण येऊन मिळते. ऋषिपंचमीला दगडूशेठ गणपतीसमोर हजारो स्त्रिया एका सुरात अथर्वशीर्ष म्हणतात. ते त्यांना पाठ आहे. भाषेच्या मॉडेललाही असे मजकूर जवळजवळ पाठ असतात, कारण शिकताना ते त्याच्यासमोर असंख्य वेळा आलेले असतात. जे पाठ आहे, त्यातल्या पुढच्या शब्दाचे आश्चर्य ते काय वाटणार? सरासरी एकच्या आसपास येते. २०२३ मध्ये अमेरिकेची राज्यघटना यंत्राने लिहिली असा निकाल डिटेक्टरने दिल्याचा गाजावाजा झाला. जीपीटीझीरो हा डिटेक्टर बनवणाऱ्या एडवर्ड टियान यांनी त्याचे कारण हेच सांगितले होते. अठराव्या शतकातला दस्तऐवज, आणि त्यावर एआयचा शिक्का! नव्याने रचलेली आरती मॉडेलला पाठ नसते, पण जुन्या आरत्यांचा साचा पाठ असतो, आणि भक्त कवी तो साचा श्रद्धेने पाळतो.

मराठीसाठी आणखी एक अडचण आहे. संगणकात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह सामान्यतः तीन बाइटमध्ये साठवले जाते आणि काही मॉडेल मराठी शब्द फार बारीक तुकड्यांत वाचतात. पहिला तुकडा कळला की पुढचा बहुतेक ठरलेला असतो. असे सोपे तुकडे मोजणीत शिरले की सरासरी आणखी खाली येऊ शकते, आणि इंग्रजीवर बसवलेली मर्यादा मराठीला लागू पडत नाही.

ओपनएआय या कंपनीने स्वतःचा डिटेक्टर जानेवारी २०२३ मध्ये आणला. इंग्रजी मजकुरावरच्या त्यांच्या चाचणीत त्याने माणसांचे ९ टक्के लेखन यंत्राचे ठरवले होते. अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैमध्ये तो मागे घेतला गेला. आपल्याकडे वाङ्मयचौर्याची तपासणी करताना सर्वसामान्य संज्ञा आणि कायद्याचा मजकूर वगळावा, असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम सांगतात. ठरीव भाषा ही चोरी नव्हे, हे तिथे मान्य झाले आहे. एआयचा टक्का काढतानाही तेवढेच भान हवे.

म्हणून प्राध्यापकांना, परीक्षकांना आणि संपादकांना माझी विनंती आहे. संशय आला तर आधी त्याच प्रकारचा जुना मजकूर त्याच डिटेक्टरमधून काढून पाहा. १९८५ सालचे खरेदीखत टाइप करा. त्यातली नावे आणि गट नंबर गोपनीयतेसाठी बदला, पण नुसते गाळू नका; ते गाळले की मजकूर आणखी ठरीव होतो आणि चाचणीच बिघडते. एकाऐवजी पाच-सात दस्त घ्या. त्यांनाही यंत्राचा शिक्का बसला, तर विद्यार्थ्याच्या कागदावरच्या टक्क्याला काहीही किंमत नाही. मग त्याला त्याचे कच्चे मसुदे दाखवायला सांगा, समोर बसवून एखादे कलम असेच का लिहिले ते विचारा. आणि हे केल्याशिवाय कोणाचेही गुण कापू नका.