पाठीशी कंपनी नसताना
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



"नोकरी सोडलीस, आता करतेस काय?" असं सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं. मी फ्रीलान्सर आहे, म्हणजे सॉफ्टवेअरची कामं स्वतंत्रपणे घेते. आपल्या वर्गात कामं देणारे व्यावसायिकही आहेत, म्हणून अशा कामाची मुलाखत कशी होते, ते एका उदाहरणाने सांगते.

औषधांचे एक घाऊक विक्रेते होते. दुकानदारांच्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर यायच्या आणि त्यांचा माणूस त्या टॅलीत पुन्हा टाइप करायचा. त्यांना ऑर्डर घेणारं अ‍ॅप हवं होतं. समोर शेठ, त्यांचा मुलगा आणि हिशेबनीस बसले होते. पहिला प्रश्न आला, "मॅडम, किती होतील?"

काम ठरल्याशिवाय आकडा सांगायचा नसतो. मी विचारलं, "साठ्यात नसलेल्या औषधाची ऑर्डर आली तर काय करता? जुनी उधारी थकलेल्या दुकानदाराला माल देता का? मुदत संपलेला माल परत येतो, त्याची नोंद कोण करतं?" तिसऱ्या प्रश्नावर शेठ आणि हिशेबनीस यांची उत्तरं वेगळी आली. असा मतभेद काम अर्ध्यावर आल्यावर कळला, तर दोन आठवडे वाया जातात. म्हणून मी कागदावर दोन याद्या करते: या कामात काय आहे आणि काय नाही. दुसरी यादी जास्त महत्त्वाची, कारण भांडणं तिथेच होतात.

मग दर. वर्षाच्या 365 दिवसांतून शनिवार-रविवार, सण, आजारपण वजा केलं की साधारण 230 दिवस उरतात. त्यातले 80 तरी नवीन कामं शोधण्यात, भेटीगाठींत, हिशेबात जातात. पैसे मिळतील असे दिवस 150. घरखर्च, विमा, म्हातारपणची तरतूद, कॉम्प्युटर आणि कर धरून मला वर्षाला 15 लाख लागत असतील, तर दिवसाचा दर 10,000 होतो. नोकरीतल्या पगाराला तीसने भागून दर काढणारा म्हणूनच बुडतो.

काम माझ्या अंदाजाने 24 दिवसांचं होतं. अडचणींसाठी सहा दिवस धरून 30 दिवस, म्हणजे तीन लाख. शेठ म्हणाले, "दोन लाखांत करा." अशा वेळी मी दर कमी करत नाही, काम कमी करते. परत आलेल्या मालाची नोंद आणि विक्रीचे अहवाल वगळले, तर 20 दिवसांत, दोन लाखांत बसत होतं. दर खाली आणला असता, तर आधीचा आकडा फुगवलेला होता असंच त्यांना वाटलं असतं.

शेवटी खरा प्रश्न आला. मुलगा म्हणाला, "मोठी कंपनी असती तर दुसरा माणूस आला असता. उद्या तुम्ही फोनच उचलला नाहीत तर?"

"तसं होणार नाही" हे उत्तर कोणीही देतं, आणि त्याला किंमत नसते. नोकरीतला कोडही दाखवता येत नाही, तो कंपनीचा असतो. मी दोन जुन्या ग्राहकांचे फोन नंबर दिले, त्यांना आधी विचारून. आणि सांगितलं, "सर्व्हर, डोमेन, कोड, सगळी खाती पहिल्या दिवसापासून तुमच्या नावावर राहतील. दर शुक्रवारी झालेलं काम तुमच्या फोनवर चालवून दाखवीन. शेवटी लिहून दिलेली माहिती वाचून दुसऱ्या इंजिनिअरने नव्या कॉम्प्युटरवर ते सुरू करून दाखवलं, तरच काम पूर्ण समजा."

आणि सुरुवात छोट्या कामाने. तीन दिवस, 30,000 रुपये: टॅलीतला साठा वाचून फोनवर दाखवायचा. सगळ्यात अवघड भाग तोच होता. जमलं नाही तर तिथेच थांबायचं. पुढचे पैसे तीन टप्प्यांत. त्यामुळे कुठल्याही क्षणी दोघांचंही फार तर आठवड्याभराचंच अडकतं.

एक गोष्ट मी स्पष्टपणे नाकारली. रात्री दोन वाजता बंद पडलं तर मी येईनच, हे एकट्या माणसाला देता येत नाही. ज्याला ते हवं आहे, त्याने कंपनीकडेच जावं.

"पहिलं काम फुकट करा, पुढे मोठं देऊ" असं कोणी म्हणालं, तर मी नमस्कार करून उठते. शेठनी तसं म्हटलं नाही. त्यांनी हिशेबनिसांकडे पाहिलं आणि विचारलं, "चेक कुणाच्या नावाने काढायचा?" मी माझं नाव सांगितलं.

तुमच्याकडे असा एकटा माणूस काम मागायला आला, तर त्याला कंपनीचं नाव विचारू नका. खाती कुणाच्या नावावर राहतील, एवढं मात्र जरूर विचारा.