२३ कुंड्या, मे महिना आणि पुणे ते नागपूर

मागच्या भागात घर बदलण्याबद्दल बोललो, तेव्हा बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, "झाडांचं काय करायचं?" तर आज फक्त तेवढंच.

माझी बदली झाली मे महिन्यात. कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून थेट नागपूर. सोबत २३ कुंड्या. त्यात एक मोगरा होता, आजीच्या अंगणातल्या मोगऱ्याच्या फांदीपासून लावलेला. आजी आता नाही, अंगणही विकलं गेलंय. म्हणजे बाकी २२ झाडं नर्सरीतून पुन्हा आणता आली असती, हे एक नाही.

२३ पैकी दोन झाडं मेली. एक प्रवासात आणि एक घरी पोचल्यावर, माझ्या हाताने. कशी ते सांगते.

आधी तयारी. १५ दिवस आधी खत बंद केलं, कारण खताने कोवळी पालवी फुटते आणि प्रवासात तीच आधी करपते. कुंडीही बदलली नाही. नवीन मातीत मुळं पकडायला वेळ लागतो आणि हादऱ्यांनी ती पुन्हा सुटतात. जास्वंदाच्या लांब फांद्या थोड्या छाटल्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोगऱ्याच्या चार फांद्या कापून, लहान कुंडीत लावून शेजारच्या काकूंकडे ठेवल्या. तो माझा विमा होता. पॅकर्सवाल्यांच्या विम्यात बहुतेक वेळा झाडं धरत नाहीत, काही जण तर न्यायलाच नाही म्हणतात. त्यामुळे गाडी ठरवतानाच विचारून घ्या.

पाणी कधी घालायचं? निघायच्या आदल्या संध्याकाळी, पोटभर, आणि रात्रभर निथळू द्यायचं. निघताना घातलं तर माती चिखल होते, कुंडी जड होते आणि खोके खालून फाटतात. कोरफड, स्नेक प्लांट, अडेनियम यांना तर आठवडाभर आधीपासून पाणी नाही. ती कोरडीच बरी.

पॅकिंगला भाजीवाल्यांकडचे प्लास्टिकचे क्रेट वापरले. मातीवर वर्तमानपत्राची जाड घडी ठेवून सुतळीने कुंडीला बांधली, म्हणजे कुंडी आडवी झाली तरी माती सांडत नाही. क्रेटमध्ये कुंड्यांच्या मधे जुने टॉवेल कोंबले. मातीच्या कुंड्या गोणपाटात गुंडाळल्या. उंच झाडांना खालून वर जुनी सुती साडी सैलसर गुंडाळली, फांद्या वरच्या दिशेने मिटवत. इथे प्लास्टिक अजिबात नको. पानातून वाफ निघत असते, ती आत कोंडते आणि उन्हात पानं अक्षरशः शिजतात.

गाडी बंद बॉडीचा टेम्पो होता. सामान आधी, झाडं शेवटी, म्हणजे उतरवताना ती पहिली. संध्याकाळी सहाला निघालो, सकाळी नऊच्या सुमारास पोचलो. १५ तास अंधार झाला म्हणून झाडाचं काही बिघडत नाही, रोज रात्री ते अंधारातच असतं. भीती असते ती बंद गाडी उन्हात उभी राहण्याची. आतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापते. म्हणून रात्रीचा प्रवास, आणि चहाला थांबलो की दार उघडायचं, असं ड्रायव्हरदादांना आधीच सांगितलं होतं.

मग चूक कुठे झाली? मीच म्हटलं, "दादा, दार थोडं उघडं ठेवून दोरीने बांधा, झाडांना हवा लागेल." त्या फटीसमोर फर्नची कुंडी होती. रात्रभर जोराचा, कोरडा वारा तिच्यावर. सकाळी माती ओलीच होती, पण पानं हात लावला की चुरा होत होती. मुळं जेवढं पाणी देत होती, त्यापेक्षा जास्त वारा पानांतून ओढून घेत होता. त्यामुळे धावत्या गाडीत दार बंद आणि थांबलं की उघडं, हे लक्षात ठेवा. उघड्या टेम्पोतून नेणार असाल तर हिरवी शेडनेट चारही बाजूंनी घट्ट बांधा.

आता दुसरं झाड, कढीपत्ता. हा भाग नीट ऐका, कारण बहुतेकांची झाडं इथेच जातात.

नागपुरात पोचलो तर कढीपत्ता आणि मोगरा दोन्ही मलूल, पानं लोंबलेली. बाहेर ऊन रणरणतंय. मला वाटलं, तहानलेत. दोघांनाही सकाळ-संध्याकाळ पाणी सुरू केलं. पाचव्या दिवशी कढीपत्त्याची पानं पिवळी पडून गळायला लागली. मी आणखी पाणी घातलं.

घडत होतं असं. प्रवासाच्या हादऱ्यांनी मुळांचे केसासारखे बारीक तंतू तुटतात आणि पाणी मुख्यतः तेच ओढतात. म्हणजे पोचल्यावर काही दिवस झाड नेहमीपेक्षा कमी पाणी पितं. आपण घातलेलं पाणी कुंडीत साचतं, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. कुजलेली मुळं पाणी देऊ शकत नाहीत, म्हणून पानं लोंबतात. आणि लोंबलेली पानं बघून आपण पुन्हा पाणी घालतो.

मग ओळखायचं कसं? मातीत बोट दोन पेरं आत घाला. आत कोरडं असेल तरच पाणी. ओलं असून पानं लोंबलेली असतील, तर दोष पाण्याच्या कमतरतेचा नाही. दुसरी खूण सकाळची. दुपारी मलूल आणि सकाळी ताठ, म्हणजे फक्त उन्हाचा त्रास, सावली द्या. सकाळीही मलूल, तर माती तपासा. आणि कुंडीच्या तळाच्या भोकाशी नाक न्या. आंबूस, सडका वास आला तर मुळं कुजतायत.

कढीपत्त्याला तो वास येत होता. उपटून बघितलं, तर मुळं काळी, बोटात चेपली जात होती. उशीर झाला होता.

मोगऱ्याची सगळी पानं तोवर गळून गेली होती. नखाने खोड जरासं खरवडलं. साल निघाली आणि आत हिरवं दिसलं! हिरवं म्हणजे जिवंत, तपकिरी आणि कोरडं म्हणजे ती फांदी गेली. पाणी थांबवलं. माती दोन पेरं खोल सुकेपर्यंत, चार दिवस, हात लावला नाही. कुंडी विटांवर ठेवली, म्हणजे तळातून निचरा होतो.

बाकी झाडं पहिले चार दिवस पूर्ण सावलीत होती. मग सकाळचं तासभर ऊन, आणि दर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवत दोन आठवड्यांत नेहमीच्या जागी. पुण्यात दिवसभर ऊन खाणारं झाडसुद्धा विदर्भातल्या मे महिन्यात सरळ उन्हात ठेवू नका. फायकसने पहिल्या आठवड्यात निम्मी पानं टाकली. प्रकाश बदलला की तो असं करतोच, घाबरून खत देऊ नका. नवी पालवी दिसेपर्यंत खत नाही, कुंडी बदलणं नाही.

मोगऱ्याला २३ व्या दिवशी खोडाच्या बुडाशी एक हिरवा ठिपका दिसला. मी आधी काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, इकडच्या चारपैकी दोन फांद्या जगल्यात." म्हणजे आता आजीचा मोगरा दोन गावांत आहे.

तुमचं घर बदलायचं असेल, तर फांद्या आजच लावा, निघायच्या आठवड्यात नको. मुळं धरायला महिनाभर तरी लागतो. भेटू पुढच्या भागात.